मदत हवी आहे: अनोळखी उमेदवाराला पहिल्या मेसेजमध्ये इमोजी घालावेत का?

दांडियाबाजार

नमस्कार मंडळी. मी बडोद्यात अलकापुरीतल्या एका छोट्या कन्सल्टन्सीत रिक्रूटर आहे, आठ महिने झाले. आम्ही मुख्यतः केमिकल प्लांटसाठी माणसं शोधतो. लिंक्डइनवर माणूस हुडकायचा, मेसेज टाकायचा, उत्तर आलं तर फोन, असा दिवस जातो.

आमच्या सरांचं म्हणणं, कोरडे मेसेज कोणी वाचत नाही, इमोजी टाक, आपलेपणा वाटला पाहिजे. म्हणून भरूचजवळच्या दहेज गावातल्या एका जागेसाठी मी हा मेसेज पाठवला. मूळ इंग्रजीत आहे, इथे मराठीत देते:

"हॅलो सर 👋😊 तुमचं प्रोफाइल बघून खूपच इम्प्रेस झाले 🤩 तुमच्यासाठी एक भन्नाट संधी आहे 🚀 💰 पगार इंडस्ट्रीत बेस्ट 📍 दहेज. लवकर कळवा 🙏😉"

चाळीस जणांना गेला. तीन उत्तरं आली. एकाने विचारलं, "हे खरं आहे की फ्रॉड?" दुसरे साधारण पन्नाशीचे गृहस्थ, त्यांनी लिहिलं, "मॅडम, डोळा कशासाठी मारलात?" ते वाचून मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ऑफिसात दोन दिवस हाच विषय. तिसऱ्यांनी नुसतं "नॉट इंटरेस्टेड".

मी मैत्रिणींना लिहिते तसंच लिहिलं होतं हो. इमोजी सगळेच काढू? की काही चालतात? सरांना काय सांगू?

रोखठोक_अप्पा

सगळे काढा. यात विचारण्यासारखं काय आहे? ऑफिसचं पत्र आहे, वाढदिवसाचं कार्ड नव्हे. यावर संशोधनही झालंय. कामाच्या मेलमध्ये स्मायली टाकला की समोरच्याला तुम्ही बिनडोक वाटता, हे सिद्ध झालंय. विषय संपला.

कोरी_पाटी

ताई, माझाही हाच प्रश्न आहे! मागच्या महिन्यात एका एचआर मॅडमनी मुलाखतीनंतर "वी विल गेट बॅक टू यू 🙂" असं लिहिलं. मी खूश झालो. त्यांना 😊🙏 पाठवलं. पुढे काहीच नाही. आता मित्र म्हणतोय की तो 🙂 म्हणजे नकारच होता. मी परत इमोजी टाकून विचारू का?

दांडियाबाजार

कोरी_पाटी, अरे मी दुसऱ्या बाजूची आहे, मेसेज पाठवणारी. पण तुझ्या बाबतीत सांगते: त्या 🙂 मध्ये काही शोधू नकोस. आम्ही तेच वाक्य सगळ्यांना पाठवतो. आठवडा झाला असेल तर साध्या शब्दांत एकदा विचार, बास.

नंदेसरी_शिफ्ट

तुमचा मेसेज ज्यांना जातो त्यांतलाच मी. सत्तेचाळीस वर्षांचा, बावीस वर्षं प्लांटवर. तुम्हाला फ्रॉड का समजले ते सांगतो.

रोज व्हॉट्सअ‍ॅपवर, टेलिग्रामवर "घरबसल्या कमवा 💰🚀" असले मेसेज येतात. व्हिडिओ लाइक करा, पैसे मिळवा, आणि मग आधी थोडे पैसे भरा. आमच्या सोसायटीत एकाचे त्यात बरेच गेले. ते मेसेज आणि तुमचा मेसेज शेजारी ठेवून बघा. तीच पैशाची थैली, तेच रॉकेट, तेच "लवकर कळवा". कंपनीचं नाव नाही, पगाराचा आकडा नाही. मीही ब्लॉकच केलं असतं.

डोळ्याबद्दल: तुम्ही वाईट हेतूने टाकला नाहीत हे कळतं. पण फोन जेवणाच्या टेबलावर पडलेला असतो आणि वर नोटिफिकेशन येतं. शेजारी बायको बसलेली असते. एवढंच म्हणतो 😄

सराफा_रात्री

मी इंदूरला. सतरा वर्षं भरतीत आहे, आधी फार्मा, आता इंजिनिअरिंग. जरा सविस्तर लिहितो.

आधी अप्पांच्या संशोधनाचं. ते बहुधा ग्लिकसन, चेशिन आणि व्हान क्लीफ या तिघांचं, २०१८ च्या सुमाराचं काम म्हणत असावेत. अनोळखी माणसाच्या पहिल्या औपचारिक मेलमध्ये स्मायली असला, तर तो माणूस जास्त प्रेमळ वाटला नाही, उलट कमी सक्षम वाटला, आणि त्याला उत्तरात माहितीही कमी दिली गेली. इथपर्यंत अप्पा बरोबर. पण मेल अनौपचारिक असला की हा परिणाम ओसरत होता. शिवाय फोटोतलं खरं हसू आणि मजकुरातला स्मायली यांचा परिणाम सारखा नव्हता, फोटोतल्या हसण्याने फायदाच झाला. म्हणजे आपलेपणा दाखवायचाच असेल तर तो तुमच्या प्रोफाइल फोटोत दिसू द्या. मेसेजमधल्या पिवळ्या चेहऱ्याचं ते काम नाही.

आता तुमचा मेसेज. मी त्यातले इमोजी झाकून वाचला. उरलं काय? प्रोफाइल आवडलं, संधी आहे, पगार चांगला आहे, दहेज. पद कुठलं? प्लांट कुठल्या प्रकारचा? माझ्याच प्रोफाइलमध्ये काय आवडलं? जिथे जिथे माहिती असायला हवी होती, तिथे तिथे तुम्ही इमोजी बसवलाय. 🤩 आहे तिथे त्या माणसाच्या कामातली एखादी गोष्ट हवी होती. 🚀 च्या जागी पद. 💰 च्या जागी आकडा. नुसते इमोजी काढून हाच मेसेज पाठवलात तरी उत्तरं फारशी वाढणार नाहीत, कारण खड्डे तसेच राहतील.

दुसरं, सगळे इमोजी एका मापाने मोजू नका. 📍 हा चेहरा नाही, ती खूण आहे. गावापुढे लावली तर कोणाच्या भावनेचा प्रश्न येत नाही, कोणाला खटकत नाही. 😊 🤩 😉 हे मात्र चेहरे. चेहरा आला की वाचणारा विचारतो, ही बाई माझ्याकडे बघून का हसतेय? ओळख असली तर तो तुमचा आवाज आठवून वाचतो. ओळख नसली तर त्याच्याकडे आवाजच नसतो, मग तो स्वतःचा घालतो. त्या गृहस्थांनी 😉 ला घातला तो असा. हा एक इमोजी पहिल्या मेसेजमध्ये बाईनेही नको, पुरुषाने तर मुळीच नको.

🙏 ची गंमत निराळी आहे. आपल्याकडे तो नमस्कार. सुरुवातीला "नमस्कार सर 🙏" लिहिलंत तर गुजरातेत, माळव्यात कोणाला वावगं वाटणार नाही. तोच "लवकर कळवा" च्या मागे गेला की विनवणी होते. हात तेच, जागा बदलली. मी स्वतः सुरुवातीलाही टाकत नाही, पण टाकणाऱ्याला चूक म्हणणार नाही.

रोखठोक_अप्पा

मग मी वेगळं काय म्हटलं? काढाच म्हटलं ना. तो 🙏 सुद्धा मला मंजूर नाही. आज नमस्कार, उद्या फुलांचा गुच्छ.

दांडियाबाजार

सराफा_रात्री, "खड्डे" वाचून जरा लागलं, पण खरंय. पद आणि आकडा मी मुद्दाम गाळला होता. सर म्हणतात, आधीच सगळं सांगितलं तर उमेदवार थेट कंपनीकडे जातो. आता असं लिहिलंय:

"नमस्कार सर, मी बडोद्यातून केमिकल कंपन्यांसाठी भरती बघते. दहेजच्या एका स्पेशालिटी केमिकल प्लांटला प्रोडक्शन मॅनेजर हवे आहेत. तुमच्या प्रोफाइलमध्ये हायड्रोजनेशनची सहा वर्षं दिसली, तिथे तेच मुख्य काम आहे, म्हणून तुम्हाला लिहितेय. जनरल शिफ्ट, बडोद्याहून कंपनीची बस, वर्षाला २२ ते २६ लाख. या आठवड्यात दहा मिनिटं बोलता येईल का? रस नसेल तर नुसतं 'नाही' लिहिलंत तरी चालेल."

नंदेसरी_शिफ्ट

याला मी उत्तर दिलं असतं. हायड्रोजनेशन वाचल्यावर कळतं की बाईंनी प्रोफाइल खरंच उघडलंय. बस कुठून सुटते तेही लिहा. आमच्यासारख्यांना पगाराआधी ते लागतं.

सराफा_रात्री

छान. कंपनीचं नाव गाळलंत ते ठीक, आपल्या धंद्यात ते चालतं. प्लांटचा प्रकार, गाव आणि आकडा दिलात की संशय बराच कमी होतो. फक्त "नमस्कार सर" च्या पुढे लगेच "दहेज, प्रोडक्शन मॅनेजर" आणा. नोटिफिकेशनमध्ये पहिले काही शब्दच दिसतात. आधीच्या मेसेजमध्ये तिथे हात हलवणारा आणि हसणारा चेहरा होता, म्हणजे उघडण्याआधीच निकाल लागला.

शेवटचं वाक्य ठेवाच. तुम्ही लिंक्डइनचे पैसे भरून पाठवायचे इनमेल वापरत असाल तर ९० दिवसांच्या आत नकार आला तरी क्रेडिट परत मिळतं. गप्प बसलेल्या माणसाचं मिळत नाही. सरांना हे सांगा, त्यांना इमोजीपेक्षा हे लवकर पटेल.

कोरी_पाटी

म्हणजे फ्रेशरला लिहिताना पण इमोजी नको? मला तर कोणी 🚀 पाठवला असता तर आवडलं असतं.

सराफा_रात्री

हा प्रश्न बरोबर आहे, आणि माझ्याकडे याचं पक्कं उत्तर नाही. डिझाइन, मार्केटिंगमधली पोरं स्वतःच्या प्रोफाइलमध्येच इमोजी लावतात. तिथे एखादा चालून जातो असा माझा अनुभव. मी एक पथ्य पाळतो: उमेदवाराने आधी टाकला तर पुढच्या मेसेजमध्ये मी टाकतो, आणि त्याच्याहून कमी. पण माझ्याकडची नवी मुलगी फ्रेशरना सर्रास 😊 टाकते आणि तिला उत्तरं येतात. आता ती इमोजीमुळे येतात की फ्रेशरला नोकरी हवीच असते म्हणून, देव जाणे.

दांडियाबाजार

आठवड्यानंतर लिहितेय. नवा मेसेज नऊ जणांना पाठवला, बसचा थांबा घालून. चार उत्तरं आली. दोघे बोलायला तयार आहेत. एकाने सविस्तर नकार दिला आणि वर मित्राचं नाव सुचवलं. सर म्हणतात, बघ, इमोजी टाकला असतास तर सहा आली असती.

सराफा_रात्री

अभिनंदन. पण चाळीसातले तीन आणि नवातले चार यावरून इमोजीबद्दल काही सिद्ध होत नाही हं. तुम्ही मजकूरही पालटलात आणि माणसंही निवडून घेतलीत. सरांशी वाद घालायचाच तर नवाच मजकूर अर्ध्यांना 📍 आणि 😊 घालून, अर्ध्यांना तसाच, असं निदान दोन-तीन महिने करून बघावं लागेल. चौथं उत्तर काय होतं?

दांडियाबाजार

तेच विचारायला आले होते. चौथ्यांनी नुसतं 👍 पाठवलंय. मी दहा मिनिटं बोलता येईल का असं विचारलं होतं आणि रस नसेल तर "नाही" लिहा असंही. आता हा अंगठा कशाला?

रोखठोक_अप्पा

बघा! म्हणून म्हणतो, दोन्हीकडून बंद करा.

नंदेसरी_शिफ्ट

शिफ्टवर असतील. आम्ही ग्लोव्ह्ज काढून एवढंच दाबू शकतो. संध्याकाळी सातनंतर फोन करा, त्याआधी बसमध्ये झोपलेले असतात.