ईमेलमध्ये लांबी नको, आकार मागा
«खांद्यापर्यंत ठेवायचे ठरले होते, हनुवटीपर्यंत कापले. सलूनला ‘नीट करून द्या’ असा नम्र ईमेल कसा लिहू?»

‘नीट करून द्या’ एवढ्यावर थांबू नका. दुरुस्ती म्हणजे बहुधा आणखी कात्री, आणि केस महिन्याला साधारण अर्धा इंचच वाढतात. तीन इंच गेले असतील तर ते भरून यायला सहा महिने लागतील. म्हणून आधी केस धुऊन, इस्त्री न करता वाळवा आणि समोरून, मागून, दोन्ही बाजूंनी फोटो काढा. कुरळे केस ओले असताना लांब दिसतात आणि वाळल्यावर आखडतात, त्यामुळे मोजमाप कोरड्या केसांचंच धरा. मग असं लिहा:

«नमस्कार, शनिवारी दुपारी चार वाजता केस कापून घेतले. बिलाचा फोटो जोडला आहे. खालून दोन इंच कापायचं ठरलं होतं, प्रत्यक्षात पाच इंच कमी झाले. डावी बाजू उजवीपेक्षा अर्धा इंच आखूडही आहे. अनुभवी स्टायलिस्टकडून दोन्ही बाजू विनामूल्य जुळवून मिळाव्यात. उजव्या बाजूला अर्ध्या इंचापेक्षा जास्त कात्री लावू नये आणि नवे लेयर देऊ नयेत. या आठवड्यातली वेळ कळवावी.»

लेयरची अट काढू नका. आखूड केसांत चुकीचा लेयर बसला की तो वाढून खालच्या रेषेला मिळेपर्यंत कित्येक महिने वेगळाच उठून दिसतो. कापणाऱ्याच्या स्वभावाबद्दल एक शब्दही नको. पैसे परत हवे असतील तर तेही याच ईमेलमध्ये मागा. मोफत दुरुस्ती करून घेतल्यावर ती मागणी लंगडी पडते.