तिळाची अ‍ॅलर्जी आणि शाळेची कँटीन: ही चिठ्ठी द्यावी का?

दुसरीतलीची आई:
उद्या कँटीनला ही चिठ्ठी देणार आहे. मागणी फार होतेय का?

"काका, नमस्कार. माझ्या मुलीला तिळाची तीव्र अ‍ॅलर्जी आहे. गेल्या महिन्यात तुमच्याकडचा साबुदाणा वडा खाऊन दहा मिनिटांत तिचे ओठ सुजले, उलटी झाली, धाप लागली. वड्यात तीळ नव्हते, पण त्याच तेलात आधी चकली तळली होती. चकली, बाकरवडी, ढोकळा, तीळ लावलेला बन तिला देऊ नका. तिच्यासाठी वेगळी कढई आणि झारा ठेवा."

कढईवाला:
मी दुसऱ्या एका शाळेची कँटीन चालवतो, म्हणून स्पष्ट बोलतो. मधली सुट्टी वीस मिनिटांची, कढया दोन, पोरं तीनशे. ही चिठ्ठी मला आली तर लाजेखातर मी "हो" म्हणेन. चौथ्या दिवशी माझा पोऱ्या तोच झारा इकडून तिकडे घालेल. ताई, असलं "हो" घेऊ नका. डबा द्या.

सदाशिव पेठी:
एवढं काय त्यात? कडकडीत तेलात तीळ जळून जातात, दोष राहतोच कुठे? तेल रोज बदला, विषय संपला.

आहारतज्ज्ञ (रुग्णालयात काम करते):
तेल बदलावं हे बरोबर, बाकीचं नाही. त्रास देणारी प्रथिनं भाजून-तळूनही टिकतात, साबुदाणा वड्याचा अनुभव वर आहेच.

मला चिठ्ठी अपुरी वाटते, कारण तिच्यात डोळ्यांना दिसणारेच तीळ आहेत. गोड्या मसाल्यात तीळ वाटलेले असतात, कांदा-लसूण मसाल्यातही बहुधा असतात. म्हणजे उसळ, मसालेभात, मिसळीचा कट सगळंच आलं. काकांना "तीळ घालता का?" असं विचारलं तर ते प्रामाणिकपणे "नाही" म्हणतील, कारण मसाला तयार आणलेला असतो. पाकिटावरचे घटक वाचून दाखवा म्हणावं. सुटा मसाला असेल तर उत्तर "नको" हेच.

दुसरी जागा वनस्पती तुपाची. साजूक तुपातली भेसळ पकडता यावी म्हणून आपल्याकडे वनस्पतीत तिळाचं तेल मुद्दाम घालायचा नियम झाला. बाऊदाँ चाचणीत तिळाच्या तेलाला लाल रंग येतो, त्यावरून भेसळ कळते. म्हणून बेकरीची खारी, पॅटिस, नानकटाई यांबद्दल विचारायला हवं. शुद्ध केलेल्या तेलात प्रथिनं फार कमी उरतात, त्यामुळे काहींना काहीच होत नाही. पण हे तुमच्या डॉक्टरांनी ठरवायचं, शाळेत खाऊन बघायचं नाही.

सदाशिव पेठी:
पाकिटावर अ‍ॅलर्जीची सूचना असतेच की हल्ली.

आहारतज्ज्ञ:
असते, पण आपल्या 2020 च्या लेबल नियमांतल्या सक्तीच्या यादीत शेंगदाणा, दूध, सोयाबीन आहेत, तीळ नाहीत. अमेरिकेतसुद्धा 2023 पासूनच आले. खाली सूचना दिसली नाही म्हणून तीळ नाहीत असं समजू नका, बारीक अक्षरातली घटकांची यादीच वाचा.

मकर राशी:
म्हणजे आता एका मुलीसाठी संक्रांतीला शाळेत तिळगूळही बंद करायचा? आमच्या वेळी असली थेरं नव्हती.

दुसरीतलीची आई:
तिळगुळाबद्दल चिठ्ठीत एक अक्षरही नाही हो. त्या दिवशी मी तिला घरीच ठेवते.

शेंगदाण्याची आई:
माझ्या मुलाला शेंगदाण्याची आहे. चिक्कीच्या तुकड्यानं झालं होतं. बाईंनी सेट्रिझिनची गोळी दिली आणि "जरा पडून राहा" म्हणून थांबल्या. त्या गोळीनं खाज थांबली, धाप थांबली नाही. तुमच्या चिठ्ठीत काय खायचं नाही ते आहे, झालंच तर काय करायचं ते नाही. पेनसारखं तयार इंजेक्शन आम्हाला जवळपास मिळालं नाही. डॉक्टरांनी अ‍ॅड्रेनलिनची कुपी आणि सिरिंज दिली, वजनावरून किती भरायचं ते लिहून दिलं, मांडीच्या बाहेरच्या बाजूला टोचायला शिकवलं. ते आजारपणाच्या खोलीत कुलपात ठेवलेलं नको, वर्गात बाईंच्या हाताशी हवं.

कढईवाला:
बाईंनी सुई टोचायची? कोणती शाळा हे लिहून देईल? कँटीनपेक्षा मोठी मागणी झाली ही.

शेंगदाण्याची आई:
आमच्या शाळेनं दिलं. आधी नाहीच म्हणाले. डॉक्टरांचं सहीशिक्क्याचं पत्र आणि माझी लेखी परवानगी नेल्यावर दोन बाई शिकल्या.

कढईवाला:
बरं. माझ्यापुरतं सांगतो. वेगळ्या कढईचा शब्द मी देणार नाही. इडली आणि केळं, या दोन गोष्टींचा देतो. इडलीपात्राला तिळाचा संबंध येत नाही.

आहारतज्ज्ञ:
वर पूड चटणी भुरभुरता का? तिच्यात तीळ असू शकतात. आणि पात्राला तेल कुठलं लावता?

कढईवाला:
तेल शेंगदाण्याचं. चटणी... ती तयार येते. उद्या पाकीट बघतो.

दुसरीतलीची आई:
कढईची ओळ काढून टाकते. इडली पात्रातून थेट तिच्या ताटलीत, चटणीशिवाय, एवढंच लिहिते. इंजेक्शनचं वेगळं पत्र मुख्याध्यापकांना. पण डबा द्या म्हणणाऱ्यांना सांगते, डबा मी रोजच देते. त्या दिवशी मैत्रिणीनं अर्धा वडा तिच्या हातावर ठेवला होता.