मदत हवी आहे: दोन सिद्धांतांची तुलना उत्तरात कशी मांडायची? परवा पेपर!

राजारामपुरी_७वी_गल्ली
संघर्ष निराकरणाच्या दोन सिद्धांतांची सोदाहरण तुलना करा, हा प्रश्न हमखास येतो. सराव पेपरात मी दोन्ही सिद्धांत व्यवस्थित लिहिले, उदाहरणं दिली, तरी निम्मेच गुण आणि शेरा: 'तुलना कुठे आहे?' नमुना उत्तराची रचना कुणीतरी सांगा. घाई आहे.

मिरजवाला
थॉमस-किलमन लिही. स्पर्धा, सहकार्य, तडजोड, टाळणं, नमतं घेणं. चौकोन काढून पाचही त्यात दाखव. आम्हाला एचआरच्या पेपरला आकृतीवरच गुण मिळायचे.

अभ्यासिका_रात्रपाळी
अहो, तो एमबीएचा आहे असं कुठं म्हणालाय? भावा, विषय कोणता, सिद्धांत कोणते, किती गुणांचा प्रश्न, ते सांग आधी.

राजारामपुरी_७वी_गल्ली
एमए राज्यशास्त्र, पंधरा गुण. जॉन बर्टन आणि विल्यम झार्टमन. बर्टनला श्रीलंका आणि झार्टमनला उत्तर आयर्लंड घेतलं होतं.

निवृत्त_प्राध्यापिका
शेरा का आला ते इथंच कळतं. सिद्धांत दोन आणि देशही दोन, मग फरक सिद्धांतामुळं पडला की देशामुळं, हे परीक्षकाला कसं कळणार? एकच संघर्ष घे आणि दोघांनाही त्यावर तपास. मिझोराम घे, आपल्या मुलांना तो सोपा जातो.

सुरुवातीलाच, दोन-तीन वाक्यांत, दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत हे लिही. संघर्ष मुळात पेटतो कशानं आणि विझत का नाही, हे बर्टन सांगतो. लढणारे बोलणीला कधी बसतात, हे झार्टमन सांगतो.

मग 'आधी बर्टन, नंतर झार्टमन' असं लिहू नकोस. मुद्दा घे आणि त्याच परिच्छेदात दोघांनाही बोलव. पहिला मुद्दा कारणाचा. १९५९च्या सुमारास बांबू फुलला, उंदीर वाढले, दुष्काळ पडला. सरकारनं दुर्लक्ष केलं ही भावना पसरली. दुष्काळात मदत करणारी संघटनाच १९६१ मध्ये मिझो नॅशनल फ्रंट झाली आणि १९६६ मध्ये उठाव. बर्टन म्हणेल, नुसत्या धान्यानं हे मिटलं नसतं, कारण प्रश्न ओळख आणि सुरक्षिततेचा होता, आणि या गरजांवर सौदा होत नाही. झार्टमनकडे इथं फारसं उत्तर नाही, तेही लिही.

दुसरा मुद्दा वेळेचा. त्याच गरजा १९६६लाही होत्या, मग करार १९८६लाच का? इथं बर्टन गप्प आणि झार्टमन बोलतो: लढणाऱ्या दोन्ही बाजूंना जाचणारी कोंडी हवी आणि बोलण्यातून वाट निघेल असं दोघींना वाटायला हवं. यालाच तो पक्वता, म्हणजे वेळ पिकणं, म्हणतो.

तिसरा मुद्दा करारात काय होतं याचा. घटकराज्य मिळालं, कलम ३७१-जी आलं. मिझोंच्या रूढी, कायदा आणि जमिनीबाबत संसदेचा कायदा तिथल्या विधानसभेच्या संमतीशिवाय लागू होत नाही. हे बर्टनच्या बाजूनं जातं.

इतिहासवेडा_कागल
मॅडम, मला झार्टमनच पुरेसा वाटतो. १९७१ला बांगलादेश झाला, फ्रंटचे पूर्व पाकिस्तानातले तळ गेले, नाईलाज झाला. संपलं.

निवृत्त_प्राध्यापिका
तळ गेले हे खरं. पण कोंडी दोघांना जाचायला हवी, आणि तुम्ही एकाच बाजूचं सांगितलंत. शिवाय १९७६ला एक करार झाला, तो टिकला नाही. तेव्हा वेळ पिकली होती की नव्हती? करार टिकला तर पिकली होती आणि मोडला तर नव्हती असं म्हणायचं, तर सिद्धांत कधी चुकणारच नाही. ही टीका उत्तरात यायलाच हवी. फक्त, पक्वता असली की करार होतोच, असं झार्टमन स्वतः म्हणत नाही, तेही लिही.

इतिहासवेडा_कागल
पण सरकारला जाचलं नाही कसं म्हणता? १९६६ला ऐझॉलवर हवाई हल्ला करावा लागला, पुढं गावंच्या गावं हलवावी लागली. त्याची किंमत होतीच की.

निवृत्त_प्राध्यापिका
किंमत होती. पण कोंडी झाली असं दिल्लीला वाटलं का, यावर मला खात्रीनं बोलता येत नाही. झार्टमनच्या मते त्यांना तसं वाटणं महत्त्वाचं.

शाहूपुरी_आप्पा
आमच्या बांधाचं भांडण वीस वर्षं चाललंय. तलाठी, सर्कल, कोर्ट सगळं झालं. यातला कुठला सिद्धांत लागू पडेल?

अभ्यासिका_रात्रपाळी
आप्पा, वेगळा धागा काढा, पोराचा पेपर आहे. आणि भावा, शेवटचं अर्धं पान राखून ठेव. तिथं दोघं एकत्र वापरता येतात का ते लिही.

राजारामपुरी_७वी_गल्ली
सुरुवात अशी चालेल का: 'बर्टन आणि झार्टमन हे दोन थोर विचारवंत असून त्यांनी संघर्षावर विचार मांडले'?

निवृत्त_प्राध्यापिका
हे काढ. असं लिही: 'मिझोराममध्ये १९८६ला शांतता का आली याची दोन उत्तरं मिळतात, कराराची वेळ झार्टमन समजावतो आणि करारातला मजकूर बर्टन.' पहिल्याच ओळीत तुलना सुरू होते.