मदत हवी: फ्री ट्रायलच्या पानावर दोन मथळे चालवतोय, 'ब' जिंकला म्हणू का?

केळीपट्टा_जळगाव

राम राम मंडळी. कृषी केंद्रांसाठी साठा आणि उधारीचं सॉफ्टवेअर बनवलंय, 14 दिवस मोफत वापरता येतं. नोंदणीच्या पानावर दोन मथळे आलटून पालटून दाखवतोय.

अ: "कृषी केंद्राचा साठा आणि उधारी एकाच ठिकाणी"
ब: "आज कोणाकडून किती येणं आहे, रोज सकाळी मोबाईलवर"

बाकी पान सारखंच. आतापर्यंत अ 412 जणांनी पाहिला, 25 नोंदण्या. ब 398 जणांनी, 36 नोंदण्या. म्हणजे 6.1 आणि 9 टक्के. आठवड्याला साधारण 600 जण येतात. भागीदार म्हणतो आजच ब कायम कर. करू का?

पांझराकाठ

एवढा फरक म्हणजे स्पष्टच आहे की भाऊ. खात्री हवी असेल तर एक आठवडा फक्त अ ठेवा, पुढचा आठवडा फक्त ब. हिशोब सोपा पडतो.

तापीकाठची_ताई

आठवडा-आठवडा नको. कापसाच्या बियाण्याची झुंबड असते त्या आठवड्यात दुकानदार मोबाईलकडे बघतही नाही, त्यानंतरच्या आठवड्यात निवांत बसतो. फरक हंगामाचा आणि श्रेय मथळ्याला. दोन्ही एकाच वेळी चालू आहेत तेच बरोबर.

आता आकडे. दोन्ही मथळे अगदी सारखे असते तरी निव्वळ योगायोगाने एवढा किंवा याहून मोठा फरक दहातल्या एखाद्या वेळी दिसला असता (p साधारण 0.11). ब चांगला असेलही, पण अजून सिद्ध नाही.

किती माणसं लागतील याचा अंदाज असा:

```
n = 16 × p × (1 − p) ÷ d²
```

इथे p म्हणजे दोन्ही दरांची सरासरी, वरचा 0.11 वाला p नव्हे; d म्हणजे तुम्हाला पकडायचा फरक. 6 वरून 9 टक्के पकडायचे तर p 0.075 आणि d 0.03. उत्तर येतं सुमारे 1,230, तेही प्रत्येक मथळ्याला. तुमच्या गर्दीत पूर्ण पाच आठवडे. पूर्णच आठवडे धरा, बाजाराचा दिवस आणि रविवार दोन्हीकडे सारखे यायला हवेत.

आणि रोज आकडे उघडून "आज जिंकला" दिसताच थांबवू नका. शेवटी एकदाच पाहिलं तर वीसात एकदा फसाल, रोज बघून हवं ते दिसताच थांबलात तर त्याच्या कितीतरी पट वेळा. पटत नसेल तर दोन्ही गटांना एकच मथळा दाखवून बघा, तरीही मधेच कधीतरी एक गट 'जिंकलेला' दिसू शकतो.

भुसावळ_लोकोशेड

माझा प्रश्न वेगळाच आहे, पण विचारतो. आमच्या क्लासच्या पानावर "मोफत" शब्द मोठा केला तर नोंदण्या धो धो आल्या, फी कोणीच भरली नाही. तुमच्याकडे नोंदणीनंतर कोण खरंच वापरतं?

केळीपट्टा_जळगाव

भो, हे बघितलंच नव्हतं. आता काढलं: पहिलं बिल बनवणारे अ मधून 14, ब मधून 15. म्हणजे अ चे 56 टक्के लोक वापरतात, ब चे फक्त 42. मग अ च चांगला?

तापीकाठची_ताई

नाही दादा, भागाकार नोंदणीने करू नका. पान पाहिलेल्या सगळ्यांनी करा: 412 पैकी 14, 398 पैकी 15. म्हणजे 3.4 आणि 3.8 टक्के, जवळजवळ बरोबरीत. मथळ्यामुळे नोंदणी करणारा माणूसच बदलतो. ब ने काठावरचे जास्त आत आणले असतील तर नोंदणीवर काढलेली टक्केवारी घसरणारच, त्यात ब चा तोटा काही नाही. शिवाय काल नोंदणी केलेल्याला बिल बनवायला वेळच मिळालेला नाही. शेवटच्या माणसाचे 14 दिवस संपल्यावरच मोजा.

तुमची स्वतःची आणि टीमची उघडझाप वगळा. एकदा अ दाखवलेल्याला परत आल्यावर अ च दिसतोय ना, तेही तपासा. 412 आणि 398 ठीक आहे. 480 आणि 330 आले असते तर वाटणीच बिघडलीय समजून आकडे टाकून द्यायला सांगितलं असतं.

पांझराकाठ

पण पहिल्या बिलावर निकाल लावायचा तर माणसं अजून जास्त लागतील ना?

तापीकाठची_ताई

हो. 3.4 वरून 5.1 टक्के पकडायचे तर प्रत्येकी सव्वादोन हजारांच्या वर. आठ आठवड्यांच्या आसपास. एवढं थांबायचं की अजून ठळक वेगळा मथळा घ्यायचा, हे धंदा बघून ठरवा. मी असते तर फरक मोठा पडेल असाच मथळा घेतला असता.

केळीपट्टा_जळगाव

सध्या दोन्ही आठ आठवडे चालू ठेवतो, निकाल पहिल्या बिलावर. आकडा आणि तारीख आजच भागीदाराला लिहून पाठवतो. एकच शंका: दुकानदार मोबाईलवर अ बघतो आणि संध्याकाळी दुकानातल्या कॉम्प्युटरवर ब. त्याला कुठल्या गटात धरायचं?