जुनी म्हणजे नेमकी कधीची?

‘स्मृतिभ्रंश झालेल्या आईसाठी रोज तासभर जुनी गाणी लावतो, पण ती नुसती बसून राहते.’

तासभर सलग लावलं की गाणं पंख्याच्या घरघरीसारखं मागे पडतं. दोन-तीन गाणी पुरेत, मध्ये शांतता हवी आणि टीव्ही बंद. शिवाय ‘जुनी’ म्हणजे तुमच्या लहानपणीची नव्हेत. साधारण 10 ते 30 वयातल्या आठवणी सर्वांत घट्ट टिकतात. आईंचा जन्म 1945 चा असेल तर 1955 ते 1975 मधली गाणी शोधा, तीही मूळ आवाजातली; रिमिक्समध्ये चाल ओळखीची वाटूनही सूर लागत नाही.

‘हे कोणत्या सिनेमातलं?’ असं मात्र विचारू नका, ती परीक्षा होते आणि माणूस मिटतो. मुखडा वाजला की आवाज कमी करा, पहिली ओळ स्वतः गुणगुणा आणि शेवटच्या दोन शब्दांआधी थांबा. आठ-दहा सेकंद गप्प राहायचं (हेच अवघड जातं). ओठ हलले, बोटांनी ठेका धरला, तरी गाणं पोचलं. मग ‘हे रेडिओवर लागायचं, नाही?’ एवढंच म्हणा. नुसते डोळे पाणावले तर हात धरून बसा. चेहरा आक्रसला, हात चोळू लागल्या, तर ते गाणं यादीतून काढा.