परिचयाची भाषा: व्याख्यानमालेसाठी एक आणि शेतकरी मेळाव्यासाठी दुसरी असावी का?

काळीमाती (मूळ प्रश्न)

मी मृदाशास्त्रात पीएच.डी. केली असून विदर्भातील खारपाणपट्ट्याच्या जमिनींवर काम करते. माझी मूळ भाषा सांगलीकडची आहे. पुढच्या महिन्यात दोन भाषणे आहेत. एका शहरातील व्याख्यानमालेच्या निमंत्रणपत्रिकेवर माझा परिचय छापला जाईल आणि अकोला जिल्ह्यातील शेतकरी मेळाव्यात निवेदक तो वाचून दाखवतील. मी लिहिलेला परिचय असा: “मृदाविज्ञानाच्या क्षेत्रात अविरत संशोधनरत असलेल्या या विद्यावाचस्पती विदुषींनी पूर्णा खोऱ्यातील कृष्णमृत्तिकेतील सेंद्रिय कर्बाच्या ऱ्हासाचे सखोल अध्ययन केलं असून मृदापरीक्षणाविषयी कृषकवर्गात जाणीवजागृती घडविण्याचे त्यांचे कार्य उल्लेखनीय आहे.” हाच परिचय दोन्हीकडे चालेल का, की मेळाव्यासाठी बोलीभाषेत वेगळा लिहावा?

निवृत्त मुद्रितशोधक

माझ्या मते दोन्हीकडे एकच परिचय द्यावा आणि तो प्रमाण मराठीतच असावा. परिचय म्हणजे गप्पा नव्हेत. व्यासपीठावर बसलेल्या व्यक्तीचा अधिकार काय आहे, हे श्रोत्यांना सांगण्याची ती रीत आहे आणि त्या रीतीला साजेशी भाषा लागते. शेतकऱ्यांसमोर जाताना भाषा उतरवावी लागते, ही समजूत मला शेतकऱ्यांचा अवमान करणारी वाटते. गावोगावी कीर्तनाला बसणाऱ्या समाजाला जड शब्दांचे वावडे असते, असे मानण्याला काही आधार नाही.

मात्र आपल्या मसुद्यातील एक गोष्ट तातडीने दुरुस्त करावी. “सखोल अध्ययन” आणि “असून” यांच्या मधोमध “केलं” आले आहे. छापील औपचारिक मजकुरात तेथे “केले” असेच हवे. आपण पुढे “घडविण्याचे” आणि “कार्य” असे लिहिता, म्हणजे लेखणी एका वाक्यात दोनदा आपला सूर बदलते, आणि नेमके तेच वाचणाऱ्याला खटकते.

रोखठोक

मुद्रितशोधक काका, माफ करा, पण हा परिचय मेळाव्यात वाचला तर तिसऱ्या शब्दाला लोक मोबाइल काढतील. संस्कृत शब्द सरसकट काढून टाकावेत, असे माझे स्पष्ट मत आहे. हे शब्द शहरातल्या वर्गाने घडवले आणि शेतकऱ्याच्या रोजच्या बोलण्यात ते कधीच आले नाहीत. “सेंद्रिय कर्ब” ऐवजी सरळ “ऑरगॅनिक कार्बन” म्हणावे. भाषण अकोल्याकडे आहे, तर ताईंनी परिचय थेट वऱ्हाडीत लिहावा. त्याने लोक पहिल्या मिनिटात आपले होतात.

पूर्णाकाठ

मी अकोट तालुक्यात शेती करतो आणि गावातल्या शेतकऱ्यांचे मातीचे नमुने गोळा करून प्रयोगशाळेत पाठवण्याचे कामही बघतो, म्हणून या प्रश्नात मला विशेष रस आहे.

रोखठोक यांचा परिणामाबद्दलचा अंदाज बरोबर आहे, पण त्यांनी दिलेले कारण मला पटत नाही. आमच्याकडे माती तपासल्यानंतर जो कागद हातात येतो, त्यावर सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, उपलब्ध नत्र, स्फुरद आणि पालाश असे रकाने असतात. जमीन आरोग्य पत्रिकेची योजना २०१५ मध्ये आली, पण नत्र, स्फुरद, पालाश हे शब्द त्याच्या कितीतरी आधीपासून कृषी सहायकांच्या आणि खतांच्या दुकानदारांच्या तोंडी आहेत. शाळा सोडलेला शेतकरीही “यंदा पालाश कमी पडला” असे सहज बोलतो. हे सगळे शब्द घडवलेले आहेत, संस्कृताच्या वळणाचे आहेत आणि तरीही ते आमचे झाले आहेत. “ऑरगॅनिक कार्बन” म्हटले तर उलट जुन्या माणसांना थांबून विचार करावा लागेल.

“कृष्णमृत्तिका” आणि “कृषकवर्ग” यांचे तसे नाही. आमच्याकडे काळी जमीन, भारी जमीन, चोपण जमीन असे म्हणतात. चोपण म्हणजे काय, हे इथे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. पावसाळ्यात ज्या वावरात पाणी मुरत नाही, वाळल्यावर जे दगडासारखे होते आणि ज्याचा सामू बहुधा साडेआठच्या वर निघतो, ते वावर सगळ्यांनी पाहिलेले असते. ताईंचे काम त्याच जमिनीवर आहे, आणि त्यांच्या परिचयात हा शब्द एकदाही नाही. शब्द संस्कृत आहे की नाही, यापेक्षा समोरच्या माणसाने तो आपल्या कामात वापरला आहे का, हे पाहावे, एवढेच माझे म्हणणे आहे.

वऱ्हाडीचा आग्रह मात्र धरू नये. सांगलीकडच्या बाईंनी कागदावर लिहिलेली वऱ्हाडी इथल्या माणसाला लगेच ओळखू येते आणि ती नक्कल वाटते. निवेदक इथलाच असेल, तो त्याच्या बोलीत बोलेलच.

एक वडील

चर्चा उपयुक्त आहे. माझ्या मुलाचा परिचय वधू-वर मेळाव्याच्या पुस्तिकेसाठी द्यायचा आहे. त्यात “निर्व्यसनी, सुस्वभावी, उच्चविद्याविभूषित” असे लिहिले आहे. घरातल्या मुलींच्या मते हे जुने वाटते. कृपया मार्गदर्शन करावे.

निवृत्त मुद्रितशोधक

आपला विषय वेगळा आहे, पण “उच्चविद्याविभूषित” हा शब्द काढावा आणि पदवीचे नाव लिहावे, एवढे येथेही लागू पडते. त्या शब्दातून मुलगा काय शिकला, हे कुणालाच कळत नाही.

अध्यापिका

मला मुद्रितशोधक सरांच्या बाजूने एक वेगळी गोष्ट मांडायची आहे, जी आतापर्यंत कुणी बोलले नाही. ग्रामीण भागातील कार्यक्रमांत मी अनेकदा वक्ता म्हणून जाते. परिचय सैल बोलीत लिहून दिला की पुरुष वक्त्यांचे “डॉक्टरसाहेब” कायम राहतात आणि माझी मात्र “आपल्या सगळ्यांच्या लाडक्या ताई” होते. एकदा तर माझी पदवी वगळली गेली आणि माझ्या यजमानांची नोकरी सांगितली गेली. मी दिलेल्या कागदावर घरगुती सूर होता, त्यामुळे निवेदकाला तो आणखी घरगुती करायला वाव मिळाला. औपचारिक भाषा स्त्रीला कुंपणासारखी उपयोगी पडते. म्हणून ताईंनी जड शब्द जरूर कमी करावेत, परंतु पदवी, पद आणि विषय यांची वाक्ये इतकी नेमकी आणि बांधीव ठेवावीत की ती वाचताना कुणाला बदलता येणार नाहीत.

“विद्यावाचस्पती” मात्र मीही ठेवणार नाही. आयुर्वेदाच्या पदव्युत्तर पदवीलाही वाचस्पती म्हणतात, आणि काही श्रोत्यांना ही कुठल्याशा संस्थेने दिलेली मानाची उपाधी वाटते. कष्टाने मिळवलेल्या पदवीवर अशी शंका का ओढवून घ्यावी? “पीएच.डी.” हे आज खेड्यातही समजते.

निवेदक, वाशीम

हे कागद मोठ्याने वाचण्याचे काम मी नेहमी करतो, म्हणून लिहितो. परिचय बहुतेक वेळा कार्यक्रम सुरू होण्याच्या तोंडावर हातात पडतो आणि एकदाही मनात वाचून होत नाही. ताईंचे वाक्य मी आत्ता मोठ्याने वाचून पाहिले. “विदुषींनी” या कर्त्यापासून “केलं” या क्रियापदापर्यंत पोहोचताना श्वास पुरत नाही, आणि “कृष्णमृत्तिकेतील सेंद्रिय कर्बाच्या ऱ्हासाचे” येथे जीभ अडखळते. श्रोत्यांना तो शब्द कळतो की नाही हा पुढचा प्रश्न आहे. निवेदकच अडखळला तर वक्त्याचा मान तिथेच कमी होतो. छापील मजकूर वाचणारा मागे जाऊन वाक्य पुन्हा वाचू शकतो, ऐकणाऱ्याला ती सोय नसते. त्यामुळे मेळाव्याच्या परिचयात एका वाक्यात एकच माहिती असावी.

अध्यापिकाबाईंचा मुद्दा मला मान्य आहे. मी असा कागद हातात घेईन:

“आजच्या प्रमुख वक्त्या मृदाशास्त्रज्ञ आहेत. त्यांनी या विषयात पीएच.डी. केली आहे. अकोला, अमरावती आणि बुलडाणा जिल्ह्यांतल्या खारपाणपट्ट्यातल्या जमिनींवर त्यांचं संशोधन सुरू आहे. आपल्या काळ्या जमिनीतला सेंद्रिय कर्ब का कमी होत गेला, हे त्यांनी तपासलं आहे. चोपण जमिनीत जिप्सम कधी टाकावं आणि किती, हे माती परीक्षणावरून कसं ठरवायचं, ते त्या आज सांगणार आहेत.”

नाव आणि “डॉक्टर” मी दोनदा घेईन, एकदा सुरुवातीला आणि एकदा टाळ्यांच्या आधी.

निवृत्त मुद्रितशोधक

वाशीमकरांचा कागद मोठ्याने वाचून पाहिला आणि तो सुरेख वाचला जातो, हे मान्य करतो. येथे “तपासलं”, “टाकावं”, “कसं” ही रूपे शेवटपर्यंत एकाच सुरात आहेत, म्हणून ती शोभतात. राज्य शासनाने १९६२ मध्ये मान्य केलेल्या लेखननियमांतही बोलणे जसेच्या तसे उतरवायचे असेल तेथे अशी रूपे लिहायला मोकळीक आहे, आणि हा कागद बोलण्यासाठीच लिहिलेला आहे. माझा आक्षेप सरमिसळीला होता आणि तो कायम आहे.

निमंत्रणपत्रिकेसाठी मात्र मी हे सुचवतो: “मृदाशास्त्रात पीएच.डी. प्राप्त केल्यानंतर त्या पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याच्या जमिनींवर संशोधन करीत असून, तेथील काळ्या जमिनीतील सेंद्रिय कर्बाचा ऱ्हास हा त्यांच्या अभ्यासाचा प्रमुख विषय आहे. संशोधनाचे निष्कर्ष शेतकऱ्यांपर्यंत पोहोचावेत, यासाठी त्या गावपातळीवर माती परीक्षणाविषयी मार्गदर्शन करतात.” येथे “ऱ्हास” आणि “निष्कर्ष” मी मुद्दाम ठेवले आहेत. व्याख्यानमालेचा वाचक त्या शब्दांत वावरतो आणि त्याला ते परके नाहीत. “विदुषी” आणि “उल्लेखनीय” ही विशेषणे गाळली. ती लावायची असतील तर आयोजकांनी लावावीत.

रोखठोक

नत्र-पालाशाच्या बाबतीत पूर्णाकाठ दादांचे म्हणणे बरोबर आहे, ते मी मानतो. तरीही व्याख्यानमालेच्या पत्रिकेवर “प्राप्त केल्यानंतर” कशासाठी? “मिळवल्यानंतर” लिहिले तर कोणत्या वाचकाचा मान कमी होतो? आपण जड शब्दांना केवळ सवयीने प्रतिष्ठा देतो आणि नव्या वाचकाला दारातच थांबवतो. व्याख्यानमालेला तरुण येत नाहीत, अशी तक्रार करणाऱ्यांनी आपल्या पत्रिका एकदा वाचाव्यात.

निवृत्त मुद्रितशोधक

पत्रिका ही त्या दिवसानंतर संस्थेच्या संग्रहातही राहते, त्यामुळे मी “प्राप्त” सोडणार नाही. आपण “मिळवल्यानंतर” लिहिले तर मी ते चूक म्हणणार नाही.

काळीमाती

सर्वांचे मनापासून आभार. मेळाव्यासाठी निवेदक दादांचा मजकूर जसाच्या तसा घेते. फक्त “मृदाशास्त्रज्ञ” नंतर “म्हणजे मातीच्या डॉक्टर” असे जोडावे, असे एका सहकाऱ्याने सुचवले होते. अध्यापिकाबाईंचे वाचल्यावर ते मी नाकारले. पत्रिकेसाठी मुद्रितशोधक सरांचा मजकूर देते, पण “प्राप्त केल्यानंतर” ऐवजी “मिळवल्यानंतर” ठेवते आहे.

एक शंका उरली आहे. माझ्याकडच्या काही कागदांवर “मृदा आरोग्य पत्रिका” असे छापलेले आहे आणि पूर्णाकाठ दादा “जमीन आरोग्य पत्रिका” म्हणतात. भाषणात कोणते नाव घ्यावे?

पूर्णाकाठ

दोन्ही नावे छापलेली मी पाहिली आहेत. आमच्या गावात “जमिनीची पत्रिका” म्हणतात. ताई, मेळाव्याच्या आदल्या दिवशी त्याच गावातल्या एखाद्या शेतकऱ्याला त्याची पत्रिका दाखवायला सांगा आणि त्यावर जे नाव असेल तेच घ्या.