प्रतिसाद: साका बसेल का?

> "फोटोतल्या बाटल्यांवर लेड नायट्रेट ०.०१ M आणि सोडियम क्लोराइड ०.०६ M आहे. प्रत्येकी ५० मिली मिसळले. माझा Q ३.६ × १०⁻⁵ आला, म्हणजे साका बसणारच ना?"

नाही बसणार. तुम्ही बाटलीवरचे आकडे तसेच घातलेत. पण मिसळल्यावर एकूण १०० मिली होतं, म्हणून दोन्ही संहती आधी निम्म्या करा: शिसं ०.००५, क्लोराइड ०.०३.

Q = [Pb²⁺][Cl⁻]² = ०.००५ × (०.०३)² = ४.५ × १०⁻⁶

लेड क्लोराइडचा Ksp २५ अंशांना सुमारे १.७ × १०⁻⁵ आहे. Q त्याहून कमी, म्हणून द्रावण स्वच्छच राहील. क्लोराइडचा वर्ग असल्यामुळे निम्मं करणं विसरलं की Q थेट आठपट फुगतो, आणि इथे तेवढ्यानेच उत्तर उलटलं.

आता फोटो मोठा करून पाहा. शिशाच्या बाटलीवरचा दशांशचिन्हानंतरचा शून्य मला पुसट दिसतोय. तिथे ०.१ असेल तर Q ४.५ × १०⁻⁵ होतो आणि पांढरा साका अपेक्षित आहे. त्यामुळे आकडा मूळ बाटलीवरूनच वाचून घ्या.

करून पाहणार असाल तर ऊर्ध्वपातित पाणीच वापरा. इथे सांगलीत आम्ही एकदा बोअरचं पाणी घेतलं होतं. मीठ घालायच्या आधीच लेड नायट्रेट गढूळ झालं, कारण जड पाण्यातले सल्फेट आणि कार्बोनेट शिशाला क्लोराइडपेक्षा फार लवकर खाली बसवतात. आणि शिसं विषारी आहे, उरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, वेगळ्या बाटलीत साठवा.